चुना कशाला लागतो?

आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत मावा कसा बनतो ते एकदा नीट उभं राहून बघितलं. आधी सुपारीचे पातळ काप, चांगले मूठभर. त्यावर तंबाखूची चिमूट. मग डबीतला पातळ चुना, थेंब थेंब मोजल्यासारखा. हे सगळं प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून टपरीवाल्यानं दोन्ही तळव्यांमध्ये असं घोटलं, की चुना प्रत्येक कापाला लागला आणि सुपारी ओलसर, तांबूस झाली. वर दोऱ्याची गाठ मारली की पुडी तयार. विदर्भात याच वस्तूला खर्रा म्हणतात.

मी सहज विचारलं, “चुना नाही टाकला तर?”

“मग लागत नाही साहेब,” तो म्हणाला. “नुसती तंबाखू चघळली तर गवत खाल्ल्यासारखं. चुना पडला की लागते.”

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. गुटखा, मावा आणि मळलेली तंबाखू ही सिगारेटपेक्षा वेगळी कशी, हे कळायला त्या चुन्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तंबाखूतलं निकोटिन दोन रूपांत वावरतं. एका रूपात त्याच्यावर विद्युतभार असतो. ते पाण्यात सहज विरघळतं, पण गालाच्या आतल्या स्निग्ध अस्तरातून त्याला पलीकडे जाता येत नाही. दुसरं रूप भाररहित, मोकळं. ते त्या अस्तरातून सरळ रक्तात उतरतं. कुठलं रूप किती असेल हे आजूबाजूचं माध्यम आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, यावर ठरतं. तोंडात पीएच ७ असेल, म्हणजे ना आम्ल ना अल्क, तर साधारण दहावा हिस्सा निकोटिनच मोकळं असतं. पीएच ८ झाला की निम्मं मोकळं होतं आणि ९ झाला की दहातले नऊ भाग. चुना नेमका हाच काटा वर सरकवतो. टपरीवाल्याच्या भाषेत ‘लागते’, ती या मोकळ्या निकोटिनमुळे.

सिगारेटचा धूर याच्या उलट, किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळे तो नुसता तोंडात धरून फारसं काही मिळत नाही. सिगारेटवाल्याला तो छातीत ओढावा लागतो. तिथे फुप्फुसांचा प्रचंड पसरलेला पृष्ठभाग असतो आणि निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. एकाला फुप्फुस लागतं, दुसऱ्याला चुना. पुढचा सगळा फरक यातून येतो.

आता तलफेकडे बघू. “मी सिगारेट ओढत नाही, फक्त मावा खातो” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि त्या ‘फक्त’मध्ये मावा म्हणजे जरा हलकं व्यसन, असा समज दडलेला असतो. अमेरिकेत नील बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. त्याच माणसांना वेगवेगळ्या वेळी सिगारेट आणि तोंडात धरायची तंबाखू देऊन त्यांच्या रक्तातलं निकोटिन तपासलं. सिगारेटनंतर ते झपाट्यानं वर गेलं आणि लगेच उतरू लागलं. तंबाखूनं ते सावकाश चढलं, अर्ध्या तासाच्या सुमारास वरच्या टोकाला पोचलं आणि तंबाखू थुंकल्यावरही बराच वेळ उतरलं नाही. शिखराची उंची जवळपास सारखीच होती. पण शरीराला एकूण मिळालेलं निकोटिन मोजलं तर तोंडातल्या तंबाखूतून ते सिगारेटच्या सुमारे दुप्पट भरलं. ती तंबाखू अमेरिकन होती आणि आपल्या पुडीतल्या चिमटीपेक्षा पुष्कळ जास्त होती, म्हणून तो आकडा जसाच्या तसा माव्याला लावता येणार नाही. निकोटिन चढण्या-उतरण्याची चाल मात्र तीच.

सिगारेटच्या बाजूनंही एक गोष्ट मान्य करायला हवी. झुरका आणि किक यांत काही सेकंदांचंच अंतर असल्यानं मेंदू ती जोडी फार घट्ट बांधतो. त्या अर्थानं सिगारेट जास्त ‘हुशार’ व्यसन आहे. माव्याची पद्धत वेगळी. तो रक्तातली पातळी दिवसभर खाली येऊच देत नाही. सिगारेट ओढणाऱ्याला ऑफिसातून बाहेर पडावं लागतं, काडी पेटवावी लागते, आणि घरात वास येतो म्हणून गॅलरी शोधावी लागते. मावा खाणारा बस चालवताना, मशीनवर, मीटिंगमध्ये, अगदी झोपतानासुद्धा बार भरून असतो. व्यसनाला आळा घालणारे हे छोटे छोटे अडथळे माव्याच्या वाटेत नाहीतच.

व्यसन किती घट्ट आहे हे कळायला डॉक्टर फार साधे प्रश्न विचारतात. सकाळी डोळे उघडल्यावर पहिला बार किती वेळानं? रस थुंकता की गिळता? ताप आला, तोंड आलं तरी खाता का? दिवसातला कुठला बार सोडणं सगळ्यात जड जाईल? उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दात घासायच्याही आधी हात पुडीकडे जात असेल, तर व्यसन चांगलंच मुरलेलं आहे असं समजायचं. काही जण रस गिळायला शिकलेले असतात, कारण ऑफिसात थुंकता येत नाही. घरातल्या माणसांना त्यांचा संशय सगळ्यात उशिरा येतो.

इथपर्यंत सगळं तंबाखूबद्दल झालं. पण माव्याच्या पुडीत तंबाखू असते किती? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माव्याचं जे वर्णन नोंदवलंय त्यात सुपारी ५ ते ६ ग्रॅम आणि तंबाखू साधारण ०.३ ग्रॅम आहे. म्हणजे वजनानं बघितलं तर मावा ही सुपारीच आहे, तंबाखू तिला लावलेली. सिगारेटशी तुलना करताना हा मुद्दा नेहमी निसटतो. सिगारेटमध्ये सुपारी नसते.

सुपारीत अरेकोलिन नावाचं अल्कलॉइड असतं. मेंदूत ज्या ग्राहींवर निकोटिन बसतं, त्यांच्यापैकी काहींवर तेही जाऊन बसतं. तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर आलेल्या माणसाला सुपारी सुटत नाही, त्याचं कारण नुसता चाळा हे नाही. जेवणानंतर डब्यातली ‘बिनतंबाखूची’ सुपारी पाहुण्यांपुढे धरणाऱ्या आपल्या घरांना हे पचायला जड जातं. पण याच संस्थेनं २००४ मध्ये तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखूचा धूरही आहे.

एका ओळखीच्या गॅरेजवाल्याचं उदाहरण सांगतो. वय ३४. विसाव्या वर्षी मित्रांबरोबर सुरुवात, आता दिवसाला आठ पुड्या. एक पुडी तो दोन-तीन बारांत संपवतो आणि प्रत्येक बार पंधरा-वीस मिनिटं डाव्या गालात असतो, कायम डाव्याच. वरचं वर्णन धरून हिशेब केला तर दिवसाला चाळीस ग्रॅमहून जास्त सुपारी आणि तंबाखू जेमतेम अडीच ग्रॅम होते. आठ सिगारेटी ओढणाऱ्याच्या हातून याच्या दुप्पट तंबाखू जाते. पण त्यातली बरीचशी जळून धुरात उडते आणि सिगारेट पाच-सहा मिनिटांत संपते. आठ सिगारेटी म्हणजे पाऊण तासाचा धूर. गॅरेजवाल्याच्या डाव्या गालाचा तेवढाच हातभर भाग मात्र दिवसाचे पाच-सहा तास चुना, सुपारी आणि तंबाखूच्या रसात भिजत असतो. हे चौदा वर्षं चाललंय.

त्याची तक्रार कर्करोगाची नव्हती. तो मला म्हणाला, “मिसळ खाल्ली की तोंडात आग होते. आणि पाणीपुरी तोंडात मावत नाही.” दुसरी गोष्ट त्यानं हसत हसतच सांगितली. बायको त्याला पुरी फोडून देते म्हणे.

दंतवैद्याकडे गेल्यावर पहिली चाचणी बोटांची झाली. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. निरोगी माणसाच्या तोंडात ती जातात. याच्या तोंडात दोन गेली, तीही ताणून. मग डॉक्टरांनी त्याला गाल फुगवायला सांगितलं, तेही नीट जमेना. त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं तेव्हा अस्तराखाली दोऱ्या ताणून बसवल्यासारख्या कडक पट्ट्या लागल्या. अस्तराचा गुलाबी रंग जाऊन ते फिकट, संगमरवरासारखं दिसत होतं.

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आपल्याकडच्या दंतवैद्यांच्या तोंडी ‘ओएसएमएफ’. सुपारीतलं अरेकोलिन गालातल्या पेशींना कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन जास्त बनवायला लावतं. सुपारीतलीच टॅनिनं ते तंतू असे पक्के करतात की शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. सुपारीत तांब्याचं प्रमाणही बरंच असतं, त्यानंही तंतूंची वीण घट्ट होते. उत्पादन वाढलं, मोडतोड थांबली, आणि मऊ गालाचं हळूहळू चामडं झालं. सिगारेट कितीही ओढली तरी हा आजार होत नाही. हा सुपारीचा स्वतःचा आजार आहे आणि एकदा झाला की तोंड पूर्वीसारखं होत नाही. औषधं, व्यायाम, शस्त्रक्रिया यांनी थोडं उघडतं, एवढंच.

हा आजार मावा आणि गुटख्याच्या मागोमाग कसा येतो, हे गुजरातेत भावनगर जिल्ह्यात दिसलं. मावा मुळात तिकडचाच. १९६७ च्या पाहणीत तिथे या आजाराचं प्रमाण ०.१६ टक्के होतं. पुढे १९९०च्या दशकात, मावा सर्वत्र पसरल्यावर, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्या ५,०१८ पुरुषांची तोंडं तपासली. १६४ जणांना हा आजार निघाला, आणि त्यांतले बहुसंख्य पस्तिशीच्या आतले. आधीची पाहणी सरसकट लोकांची होती, नंतरची खाणाऱ्यांची, त्यामुळे दोन्ही आकडे एका तागडीत घालता येत नाहीत. पण तोंड न उघडणारा पंचविशीतला मुलगा दंतवैद्याच्या खुर्चीत येतो, हे चित्र नवीन होतं.

या आजाराच्या रुग्णांपैकी काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. केरळमध्ये अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ७.६ टक्के लोकांना तो झाला. म्हणजे ९२ टक्क्यांहून जास्त लोकांना झाला नाही, आणि हेही सांगायला हवं, कारण ओएसएमएफचं निदान ऐकून अनेक जण आता सगळं संपलंच असं धरून चालतात आणि ‘मग कशाला सोडू’ म्हणून आणखी दोन पुड्या घेतात.

कर्करोगाच्या बाबतीत सिगारेटशी तुलना कशी करायची? भारतातल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाची शक्यता न वापरणाऱ्यांपेक्षा साधारण पाच पट दिसते. गुटख्याचा वेगळा हिशेब काढला तर ती आठ पटीच्या वर जाते. जगभरातल्या धूम्रपानाच्या अभ्यासांत तोंडाच्या कर्करोगाची जोखीम साडेतीन पटीच्या आसपास आहे. हे आकडे वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या सवयींच्या लोकांकडून आलेत, शिवाय दारूचा वाटा वेगळा काढणं अवघड असतं. म्हणून ‘गुटखा सिगारेटच्या अडीच पट वाईट’ असा भागाकार करू नये. आणि सिगारेट या तुलनेत सुटते असंही नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात ती जोखीम नऊ पटीपर्यंत नेते, हृदय आणि श्वसनमार्गाचं नुकसान वेगळंच. ती सगळ्या शरीरभर हिंडते. गुटखा आणि मावा मात्र जिथे ठेवला तिथेच मुक्काम करतात.

आणि जागाही ठरलेली असते. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जास्त करून जिभेवर आणि जिभेखालच्या भागात सापडतो. आपल्याकडे तो गालाच्या आत, खालच्या हिरडीत आणि अक्कलदाढेच्या मागच्या कोपऱ्यात जास्त, म्हणजे बार ठेवायच्या खाचेत. तंबाखूतल्या नायट्रोसअमाइन्स नावाच्या रसायनांना तिथे तासन् तास वेळ मिळतो. चुना अस्तराची वरची साल सोलून त्यांची वाट मोकळी करतो. सुपारी, कात आणि चुना एकत्र आल्यावर पेशींच्या जनुकांना इजा करणारे घटकही तयार होतात. स्वीडनमधल्या ‘स्नूस’शी ताडून बघितलं तर हा फरक चांगला कळतो. तीही ओठात धरायची तंबाखू, पण ती वाफेवर तापवून बनवतात, तिच्यात नायट्रोसअमाइन्स बरीच कमी असतात आणि सुपारी मुळीच नसते. तिचा तोंडाच्या कर्करोगाशी ठळक संबंध आढळलेला नाही. व्यसन मात्र तिचंही लागतंच.

आपल्याकडे याचा आवाका केवढा? तंबाखूच्या राष्ट्रीय पाहणीत (२०१६-१७) महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. यात बायकांची मशेरीही आली, जी अजून कित्येक घरांत दंतमंजन समजूनच लावली जाते. २०२२ या एका वर्षात भारतात धूरविरहित तंबाखू आणि सुपारीमुळे झालेले तोंडाचे कर्करोग सुमारे ८३,४०० असतील, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. आर. आर. पाटील यांना आपण २०१५ मध्ये याच आजारानं गमावलं. शरद पवारांनी आपल्या तंबाखू-सुपारीच्या सवयीची आणि तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट जाहीर सभांत स्वतः सांगितली आहे.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही टपरीवर तो मिळतो आणि कसा मिळतो हे टपरीकडे जाणाऱ्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कायद्यानं तंबाखूमिश्रित खाद्यपदार्थावर बोट ठेवलं, तेव्हा देशभर अनेक ठिकाणी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी विकायला आली. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर ओततो आणि गुटखा तिथेच बनवतो. मावा तर टपरीवाला समोरच घोटून देतो, त्याला कारखाना लागत नाही.

लवकर कसं ओळखायचं, ते आता. आरशासमोर, चांगल्या उजेडात गाल बोटानं बाहेर ओढून बघायचं. बोटानं पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर दाखवायचा. लाल, मखमलीसारखा चट्टा त्याहून जास्त काळजीचा. कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, कारणाशिवाय दात हलू लागला, दात काढल्यावर खळगा भरेना, मानेत गाठ लागली, तर थांबायचं नाही. दुखतं का, हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. मग ‘दाढेचं टोक लागतंय’ म्हणून माणूस दाढ घासून घेतो, जखमेवर हळद लावतो आणि तीन-चार महिने हातचे जातात. ते महिनेच महागात पडतात, कारण गाठ लहान असताना जबडा वाचवता येतो.

गॅरेजवाल्यानं सोडायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा चूक केली. त्यानं मावा बंद करून साध्या सुपारीची पाकिटं धरली. तंबाखू तर सुटली, असं त्याचं म्हणणं. गालातल्या पट्ट्या सुपारीच्या होत्या, हे त्याला डॉक्टरांनी पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यानं दोन्ही एकदम सोडलं. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. चिडचिड, डोकं जड, झोप नाही, पाना हातातून निसटायचा. तलफ यायची ती चार-पाच मिनिटं टिकायची, मग ओसरायची, मग पुन्हा यायची. असं दोन-तीन आठवडे चाललं. तोंड उघडत नसल्यानं निकोटिनचं च्युइंगगम त्याला नीट चावता येईना. डॉक्टरांनी दंडावर लावायचे पॅच दिले. तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-११-२३५६ या क्रमांकावर, त्यानं दोनदा फोन केला. एकदा तर रात्री टपरीसमोर उभा राहूनच.

आता सहा महिने झालेत. डाव्या गालातला पांढरा चट्टा फिका पडलाय, दर तीन महिन्यांनी तो दाखवायला जातो. तोंड उघडण्याचे व्यायाम करतो आणि गॅरेजातल्या फुटक्या आरशासमोर बोटं घालून मोजतो. दोन बोटं आता सैल जातात. तिसरं अजून जात नाही. मिसळ मात्र दही घालून खाता येते.